सेवा सोडताना राहून गेलेली रजा आणि अतिकालाची रक्कम

कारखान्यातील नोकरी सोडणाऱ्या कामगाराच्या हाती पडणारी शेवटची वेतनचिठ्ठी दिसायला दर महिन्याच्या चिठ्ठीसारखीच असते. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे, कपाती आणि खाली निव्वळ रक्कम. त्यामुळे कामगार खालचा आकडा पाहतो आणि कागद घडी करून ठेवतो. परंतु या एका चिठ्ठीचे काम निराळे असते. तिने केवळ त्या महिन्याचा नव्हे, तर सर्व सेवेचा उरलेला हिशेब पुरा करावयाचा असतो. नेमके हेच काम अनेकदा अपुरे राहते, आणि जे राहते ते बहुधा दोन रकान्यांत असते: न उपभोगलेल्या अर्जित रजेचे वेतन, आणि शेवटच्या काही दिवसांतील अतिकालिक कामाचे, म्हणजेच ओव्हरटाइमचे, पैसे.

या रकमा दरवेळी मालकाच्या अप्रामाणिकपणामुळेच राहतात असे नाही. पुष्कळदा त्या वेतन विभागाच्या कामाच्या पद्धतीतच अडकतात. म्हणूनच मागणी कशी करावी हे पाहण्यापूर्वी त्या कुठे अडकतात ते पाहणे इष्ट ठरेल. त्यासाठी येथे नमुन्यादाखल एक उदाहरण घेतले आहे.

उदाहरण

सत्तरी तालुक्यातील एका गावचा तरुण कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात यंत्रचालक म्हणून काम करीत होता. त्याचे मूळ वेतन १३,००० रुपये व महागाई भत्ता ७,८०० रुपये, मिळून २०,८०० रुपये होते. याखेरीज घरभाडे भत्ता २,६०० रुपये व प्रवास भत्ता १,६०० रुपये मिळत असे. रीतसर राजीनामा देऊन व सूचनेचा काळ पूर्ण करून ३१ मार्च २०२६ रोजी त्याने नोकरी सोडली. ७ एप्रिल रोजी शेवटची वेतनचिठ्ठी त्याला मिळाली आणि पैसे बँकेत जमा झाले. चिठ्ठीवर मार्चचे पूर्ण वेतन होते, आणि अतिकालाच्या रकान्यात १० तासांचे २,००० रुपयेही होते. रजेचा रकाना मात्र कोरा होता.

गावातील प्राथमिक शाळेच्या गुरुजींना त्याने चिठ्ठी दाखविली, ती केवळ रजेच्या शंकेपोटी. अतिकालाचे पैसे आले आहेत अशीच त्याची समजूत होती. गुरुजींनी एकच प्रश्न केला, "हे दहा तास कुठल्या तारखांचे रे?" तरुणाजवळ एक छोटी डायरी होती. तीत पाहता ते दहा तास २१ फेब्रुवारी ते २० मार्च या काळातले निघाले. २० मार्चनंतरही त्याने सहा दिवस, २३, २४, २५, २७, २८ आणि ३० मार्च रोजी, प्रत्येकी दोन तास जादा काम केले होते. हे बारा तास चिठ्ठीत कोठेच नव्हते.

रक्कम कुठे अडकते

बहुतेक कारखान्यांत महिन्याचे वेतन महिनाअखेरीस तयार करता यावे म्हणून हजेरीचा हिशेब २० किंवा २५ तारखेस बंद करतात. त्या तारखेपर्यंतचा अतिकाल चालू महिन्याच्या चिठ्ठीत येतो, आणि नंतरच्या दिवसांचा पुढील महिन्याच्या चिठ्ठीत. सेवेत असणाऱ्या माणसाचे यात काही बिघडत नाही, कारण मागे राहिलेले पुढच्या महिन्यात येऊन मिळते. सेवा सोडणाऱ्याला मात्र पुढचा महिनाच नसतो. त्याचे नाव वेतनपटावरून निघते, आणि शेवटच्या दहा-अकरा दिवसांचा अतिकाल पर्यवेक्षकाच्या कागदावर तसाच पडून राहतो. वरील उदाहरणात असेच घडले. रकान्यात दहा तास दिसत असल्यामुळे उणीव उलट झाकली गेली. म्हणून शेवटच्या चिठ्ठीत अतिकालाची रक्कम आहे किंवा नाही एवढेच पाहून भागत नाही. ती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची आहे हे पाहावे लागते.

रजेचे कारण थोडे निराळे आहे. रजेची नोंद बहुधा कर्मचारी विभागाकडे, रजेच्या नोंदवहीत किंवा कार्डावर, असते आणि वेतन दुसऱ्या टेबलावर तयार होते. सेवा सोडल्याची सूचना वेतन विभागाकडे जाते, पण शिल्लक रजेचा दाखला सोबत जातोच असे नाही. दाखला आला नाही तर रकाना कोराच छापला जातो. दुसरी गोष्ट अशी की पुष्कळ ठिकाणी वर्षाची रजा पुढील १ जानेवारीस एकदम खात्यावर चढवितात. वर्षाच्या मध्येच नोकरी सोडणाऱ्याची चालू वर्षातील कमावलेली रजा त्यामुळे खात्यावर चढलेलीच नसते, आणि जी चढलेली नाही ती कोणाच्या ध्यानातही येत नाही.

किती मागावयाचे

रजेचा हिशेब कामगाराने स्वतः करावा. तो अवघड नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता अमलात आल्या असून, १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली आहे. तिच्या कलम ३२ प्रमाणे प्रौढ कामगारास कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस याप्रमाणे वेतनी रजा मिळते. रजा उपभोगण्याचा हक्क येण्यासाठी वर्षात १८० दिवस काम व्हावे लागते. जुन्या अधिनियमात ही अट २४० दिवसांची होती. न घेतलेली रजा तीस दिवसांपर्यंत पुढील वर्षात नेता येते. रजा मागूनही ती नाकारली गेली असेल, तर तेवढी रजा कितीही असली तरी पुढे जाते.

उदाहरणातील तरुणाच्या डिसेंबर २०२५ च्या चिठ्ठीवर शिल्लक रजा १८ दिवस छापलेली होती. त्यापैकी फेब्रुवारीत त्याने पाच दिवस घेतले, म्हणजे १३ दिवस उरले. आता २०२६ चे पहिले तीन महिने. जानेवारी ते मार्च या ९० दिवसांत १३ रविवार येतात. बाकी ७७ दिवसांतून तीन पगारी सुट्ट्या, फेब्रुवारीतील पाच दिवसांची रजा आणि जानेवारीत वडिलांच्या आजारपणामुळे झालेली नऊ दिवसांची बिनपगारी गैरहजेरी वजा केली, तर प्रत्यक्ष कामाचे दिवस ६० राहतात. वीस दिवसांस एक याप्रमाणे तीन दिवस. एकूण शिल्लक झाली १६ दिवस.

दिवसाचे वेतन काढताना मूळ वेतन व महागाई भत्ता एकत्र घेतात. घरभाडे, प्रवास भत्ता आणि खुद्द अतिकालाचे पैसे त्यात धरीत नाहीत. (असे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक होत असतील, तर वरचा भाग वेतनात धरावा अशी नव्या संहितांतील व्याख्या आहे. या उदाहरणात ते बरेच कमी आहेत.) महिन्याला २६ कामाचे दिवस धरण्याची कारखान्यांतील रूढ रीत घेतली, तर २०,८०० भागिले २६ म्हणजे दिवसाचे ८०० रुपये, आणि आठ तासांच्या दिवसामुळे तासाचे १०० रुपये पडतात. अतिकालाचा दर याच्या दुप्पट, म्हणजे २०० रुपये. तो कायद्यानेच किमान दुप्पट ठरविला आहे.

यावरून अतिकालाचे १२ तास गुणिले २०० म्हणजे २,४०० रुपये, आणि रजेचे १६ दिवस गुणिले ८०० म्हणजे १२,८०० रुपये होतात. एकूण राहिलेली रक्कम १५,२०० रुपये. दर खरा की खोटा हे तपासण्याचे साधन त्याच चिठ्ठीत होते. कारखान्याने दहा तासांचे २,००० रुपये दिले, म्हणजे तासाचा २०० रुपये हा दर कारखान्याने स्वतःच वापरलेला होता. मागणीपत्रात असा दर घ्यावा. त्यावर वाद घालणे दुसऱ्या बाजूस कठीण जाते.

पत्र

तरुणाने प्रथम दूरध्वनी केला. वेतन विभागातील कारकून सौजन्याने बोलला. "येईल हो पुढच्या महिन्यात," असे तो म्हणाला. यात त्याचा खोटेपणा नव्हता. सेवेतील प्रत्येकास तो हेच सांगत असे. परंतु दूरध्वनीवरील बोलण्याची नोंद राहत नाही, आणि नोंद नसलेल्या मागणीवर वेतन विभाग रक्कम काढू शकत नाही. त्याला कोणत्या तरी कागदाच्या आधारेच पूरक वेतनपत्रक करावे लागते. म्हणून मागणी लेखी असावी, आणि ती अशी असावी की कारकुनाने ती पुढे ठेवून थेट आपल्या नोंदवहीशी ताडून पाहावी.

गुरुजींच्या मदतीने तरुणाने ८ एप्रिल रोजी दिलेले पत्र पुढीलप्रमाणे होते.

"प्रति, प्रमुख, वेतन विभाग. विषय: अंतिम वेतनचिठ्ठीत न आलेल्या रकमांबाबत. महोदय, मी आपल्या कारखान्यात यंत्रचालक म्हणून सेवेत होतो. माझा कर्मचारी क्रमांक सोबत दिला आहे. दिनांक ३१ मार्च २०२६ रोजी राजीनाम्यामुळे माझी सेवा समाप्त झाली. दिनांक ७ एप्रिल रोजी मिळालेल्या चिठ्ठीत पुढील दोन रकमा आलेल्या नाहीत. पहिली, अतिकाल: मार्च २३, २४, २५, २७, २८ व ३० या तारखांस प्रत्येकी दोन तास, एकूण १२ तास, आपण याच चिठ्ठीत दिलेल्या तासाला २०० रुपये या दराने २,४०० रुपये. दुसरी, न उपभोगलेली अर्जित रजा: डिसेंबर २०२५ अखेर १८ दिवस, वजा फेब्रुवारीत घेतलेले ५ दिवस, अधिक २०२६ मधील ६० कामाच्या दिवसांचे ३ दिवस, एकूण १६ दिवस, दिवसाला ८०० रुपये याप्रमाणे १२,८०० रुपये. डिसेंबर, फेब्रुवारी व मार्चच्या चिठ्ठ्यांच्या आणि अतिकालाच्या पावत्यांच्या प्रती सोबत आहेत. आपल्या नोंदींत यापेक्षा वेगळे आढळल्यास हजेरीपटाचा व रजेच्या नोंदवहीचा उतारा कृपया द्यावा. दोन्ही रकमा माझ्या बँक खात्यात जमा करून पूरक वेतनचिठ्ठी द्यावी, ही विनंती. आपला विश्वासू."

या पत्रात तक्रारीचा सूर नाही. कारखान्याने अन्याय केला, इतकी वर्षे घाम गाळला, असे एक वाक्यही नाही. जे वेतन कारकुनाला नोंदवहीत शोधता येते तेवढेच त्यात आहे: तारीख, तास, दिवस, दर आणि गुणाकार. अतिकाल व रजा यांचे हिशेबही निरनिराळे ठेवले आहेत. एकाच बेरजेने १५,२०० रुपये मागितले असते तर एका बाबीवरील शंकेपायी दोन्ही रकमा अडल्या असत्या. शिवाय या दोन हक्कांची मुळे वेगळ्या संहितांत आहेत, आणि पुढे कार्यालयाकडे जाण्याची वेळ आली तर ते वेगळे मांडावेच लागतात.

उताऱ्याची मागणी हे पत्रातील सर्वांत उपयुक्त वाक्य होय. रक्कम नाकारणे सोपे असते. नोंदवही दाखविणे हे मात्र मालकाचे कर्तव्य आहे, आणि नोंदवही समोर आली की बहुतेक वाद तेथेच संपतात.

पत्र प्रत्यक्ष नेऊन द्यावयाचे असेल तर दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का व सही घ्यावी. आवक विभागाने सही देण्यास टाळाटाळ केली तर तेच पत्र टपालाने पाठवावे. पूर्वीची नोंदणी टपालाची सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. म्हणून पाकीट स्पीड पोस्टने, पोचपावती मागून, पाठवावे व पावती जपून ठेवावी. ई-मेलने प्रत पाठविणेही चांगले, मात्र ती कारखान्याच्या अधिकृत पत्त्यावर असावी. कारकुनाच्या खासगी भ्रमणध्वनीवर पाठविलेल्या संदेशास फारसे वजन नसते.

पुराव्याबाबत एक व्यावहारिक अडचण सांगणे आवश्यक आहे. नोकरी सुटल्यानंतर कामगारास फाटकाच्या आत जाता येत नाही, आणि त्याच्या हजेरीच्या सर्व नोंदी आतच असतात. तेव्हा जमवावयाचे ते शेवटच्या आठवड्यात जमवावे लागते. पर्यवेक्षकाच्या सहीची अतिकालाची पावती, रजेच्या कार्डाची प्रत आणि मंजूर वा नामंजूर झालेले रजेचे अर्ज हे तीन कागद पुरेसे होतात. अतिकालाच्या पावत्या देण्याची पद्धत नसेल तेथे दररोज लिहिलेली स्वतःची डायरी उपयोगी पडते. मात्र ती रोजच्या रोज लिहिलेली असावी. मागाहून एका बैठकीत, एकाच शाईने लिहिलेली डायरी तपासणारा अधिकारी लगेच ओळखतो.

आलेले उत्तर

पत्र दिल्यानंतर नऊ दिवसांनी उत्तर आले. अतिकालाचे १२ तास वेतन विभागाने पर्यवेक्षकाच्या कागदांशी ताडून मान्य केले होते. रजेबाबत मात्र दोन हरकती होत्या. चालू वर्षात १८० दिवस काम झालेले नसल्याने २०२६ चे तीन दिवस देय नाहीत, ही पहिली. आणि रजेचा दर मूळ वेतनावरच, महिन्याचे तीस दिवस धरून, काढावा लागतो, ही दुसरी. त्यानुसार १३,००० भागिले ३० म्हणजे सुमारे ४३३ रुपये, आणि १३ दिवसांचे ५,६३३ रुपये कारखाना देऊ करीत होता. मागणीपेक्षा ही रक्कम ७,१६७ रुपयांनी कमी होती.

या दोन्ही हरकती वारंवार घेतल्या जातात, म्हणून त्यांची उत्तरे नीट समजून घेतली पाहिजेत. १८० दिवसांची अट ही सेवेत राहून रजा उपभोगणाऱ्यासाठी आहे. सेवा मध्येच सुटल्यास काय करावे हे त्याच कलम ३२ मध्ये निराळे सांगितले आहे. कामगारास काढून टाकले, त्याने स्वतः नोकरी सोडली, तो निवृत्त झाला किंवा मरण पावला, तर आवश्यक तेवढे दिवस काम झालेले नसले तरीही, वीस दिवसांस एक या प्रमाणात जमलेल्या रजेचे वेतन त्याला किंवा त्याच्या वारसास मिळावयाचे असते. म्हणजे ६० दिवसांचे तीन दिवस देणे प्राप्तच होते. वेतन विभागाने कलमाचा पहिला भाग वाचला होता, पुढचा वाचला नव्हता.

दराच्या हरकतीचे उत्तर त्याहून सोपे होते. कायद्यातील वेतनाच्या व्याख्येत महागाई भत्ता समाविष्ट आहे; तो वगळून नुसत्या मूळ वेतनावर रजा देण्याचा आधार मिळत नाही. तीस दिवसांच्या भागाकाराबाबत तरुणाने दुसऱ्या पत्रात एवढेच लिहिले की, मार्चच्या चिठ्ठीत अतिकालाचा दर काढताना कारखान्याने महागाई भत्ता धरून २६ ने भागले आहे. त्याच माणसाचे, त्याच महिन्याचे, दिवसाचे वेतन अतिकालासाठी ८०० रुपये आणि रजेसाठी ४३३ रुपये कसे होते, ते कृपया कळवावे.

या पत्राचे लेखी उत्तर आले नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात १५,२०० रुपये मात्र खात्यात जमा झाले, आणि मागणी केल्यावर पूरक चिठ्ठीही मिळाली. पूरक चिठ्ठी मागून घेणे अगत्याचे असते, कारण नुसत्या बँकेच्या नोंदीवरून कोणती रक्कम कशाबद्दल आली व त्यातून काही कपात झाली काय, हे कळत नाही.

मुदत आणि पुढील वाट

कायद्याने पाहता हे सर्व याहून पुष्कळ लवकर व्हावयास हवे होते. वेतन संहिता, २०१९ च्या कलम १७ प्रमाणे कामगारास काढले असो वा त्याने राजीनामा दिलेला असो, त्याचे देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागते. रजेच्या वेतनासही नोकरी सोडल्याच्या बाबतीत हीच दोन दिवसांची मुदत आहे. निवृत्ती किंवा मृत्यू असेल तर ती दोन महिन्यांची आहे. ३१ मार्चला सेवा संपली, म्हणजे १ व २ एप्रिल हे ते दोन दिवस. "हिशेब ४५ दिवसांत होईल" असे नेमणूकपत्रात किंवा कारखान्याच्या सूचनाफलकावर लिहिलेले पुष्कळदा आढळते. त्या वाक्याने कायद्यातील मुदत वाढत नाही.

याच संदर्भात "पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला, आता काही येणे नाही" अशा छापील पावतीचा उल्लेख करावा लागतो. ती कोरी असताना सही करू नये. रक्कम घेणे भाग असेल, आणि हाती पैसा नसलेल्या माणसाला ते बहुधा भागच असते, तर सहीच्या वर मिळालेल्या रकमेचा आकडा लिहून, रजा व अतिकाल यांच्या हिशेबाचा हक्क राखून रक्कम स्वीकारल्याचे नमूद करावे. वेतन संहितेखाली देय असलेल्या रकमेवरील हक्क सोडून देणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल समजला जातो. त्यामुळे अशी सही झाली असली तरी अतिकालाच्या मागणीचा दरवाजा बंद होत नाही. वाद मात्र लांबतो.

पत्रव्यवहाराने काम झाले नाही तर गोव्यात कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडे जावे लागते. मुख्य कार्यालय पणजीस पाटो येथे श्रमशक्ती भवनात आहे. कारखान्यांतील कामाचे तास व रजा यांच्या नोंदींची तपासणी आजवर कारखाने व बाष्पके निरीक्षणालय पाहत आले आहे. अर्जासोबत वेतन विभागास दिलेल्या पत्राची पोच असलेली प्रत जोडल्यास कार्यालयाचे काम निम्मे होते, कारण मागणी केव्हा केली, किती केली आणि मालकाने काय म्हटले हे तीनही प्रश्न तेथेच सुटतात. अतिकालासारख्या वेतनाच्या मागणीचा अर्ज वेतन संहितेखालील प्राधिकाऱ्याकडे मागणी उत्पन्न झाल्यापासून तीन वर्षांच्या आत करता येतो. तो कामगारास स्वतः, त्याच्या संघटनेमार्फत किंवा निरीक्षकामार्फत दाखल करता येतो. वेतन दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. मागणी खरी ठरल्यास मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकारही प्राधिकाऱ्यास आहे. हा अधिकार कमाल मर्यादेचा आहे. प्रत्येक प्रकरणी दहापट मिळते असा त्याचा अर्थ नव्हे, आणि तशी आशा दाखवून कामगारास कज्जात ढकलणाऱ्यांपासून दूर राहणे बरे.

कोणास लागू नाही

वर सांगितलेले सर्वांनाच जसेच्या तसे लागू पडत नाही. सुरक्षाविषयक संहिता साधारणतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांस लागू आहे. व्यवस्थापकीय वा प्रशासकीय पदावरील व्यक्ती, तसेच महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक, हे कायद्याच्या भाषेत कामगार नव्हेत. त्यांच्या रजेचे रोखीकरण नेमणूकपत्रातील अटींवर अवलंबून असते, आणि त्यांनी आपल्या पत्रात कलमाऐवजी त्या अटीचा उल्लेख करावा. किरकोळ रजा व आजारपणाची रजा यांचे पैसे मिळण्याचा कायदेशीर हक्क कोणालाच नाही. एखाद्या कारखान्याच्या करारात तशी तरतूद असेल तरच ती मागता येते. बरेच कामगार या तिन्ही रजांची बेरीज करून मागणी करतात आणि मग संपूर्ण अर्जच संशयास्पद ठरतो.

कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्याने पत्र कंत्राटदारास द्यावे व प्रत मुख्य कारखान्यास पाठवावी. कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी अखेर मुख्य मालकावर येते. कंत्राट बदलताना कामगार तेथेच राहतो आणि कंत्राटदार तेवढा बदलतो, असे नेहमी होते. अशा वेळी जुन्या कंत्राटदाराकडील रजा नव्याच्या खात्यावर चढल्याची लेखी खातरजमा करून घ्यावी. ती चढली नसेल तर जुन्याकडून तिचे वेतन त्याच वेळी मागावे.

शासकीय कर्मचाऱ्यांचा प्रकार अगदीच वेगळा आहे. गोवा शासनाच्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ लागू असून निवृत्तीच्या वेळी अर्जित व अर्धवेतनी रजा मिळून ३०० दिवसांपर्यंतचे वेतन रोखीने मिळते. राजीनामा दिल्यास खात्यावरील अर्जित रजेच्या निम्म्या दिवसांचे, आणि तेही १५० दिवसांच्या मर्यादेत, मिळते. तेथे मागणी वेतन विभागाकडे नव्हे, तर कार्यालयप्रमुखांकडे करावयाची असते, कारण रजेचा हिशेब सेवापुस्तकावरून प्रमाणित झाल्याखेरीज देयक स्वीकारले जात नाही. सेवापुस्तकातील रजेच्या नोंदी दर जानेवारी व जुलैत केल्या जातात. निवृत्तीला वर्षभर असतानाच त्या तपासून घेतल्या, तर राहून गेलेली नोंद त्या कार्यालयातील संबंधित कारकून जागेवर असतानाच दुरुस्त करता येते.